घरपट्टीच्या बिलात कर किती, दंड किती?

महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल घ्या. वर मालकाचं नाव, मालमत्ता क्रमांक आणि करयोग्य मूल्य असतं. त्याखाली ओळींची उतरंड लागते: सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर, गाळा किंवा कारखाना असेल तर रोजगार हमी उपकर, आणि मागची बाकी असेल तर शास्ती. घरातली मोठी माणसं तळाचा आकडा बघतात, ‘यंदा वाढवली वाटतं’ म्हणतात आणि बिल कपाटात ठेवून देतात. वधली रांग कुणी वाचत नाही.

कर, शुल्क, दंड आणि उपकर यांतला फरक अकरावी-बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना व्याख्यांतून पाठ असतो. ‘कर म्हणजे मोबदल्याविना सक्तीची वसुली, शुल्क म्हणजे सेवेचा मोबदला’ हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. हे बिल समोर ठेवलं की मात्र अडखळतात, कारण कागदावर ज्याच्या नावात ‘कर’ आहे ते सगळं कर नसतं आणि बाजारात ज्याला ‘सेस’ म्हणतात तो नेहमी उपकर नसतो. मुलं नेमकी जिथे अडतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या गल्लीतला रस्ता वर्षभर खणून ठेवला आहे. मग कर का भरायचा?

राग रास्त आहे, पण त्यामुळे कर चुकत नाही. सर्वसाधारण कर ही रस्त्याची किंमत नव्हे. तो महापालिकेच्या तिजोरीत जातो आणि अंदाजपत्रकात ठरेल त्याप्रमाणे शाळा, दवाखाने, पगार, पूल अशा कशावरही खर्च होतो. ज्याच्या घरात शाळेत जाणारं मूल नाही तोही तो भरतो आणि महापालिकेच्या दवाखान्याची पायरी कधी न चढलेलाही भरतो. ‘मला काय मिळालं?’ हा प्रश्न कराला लागूच पडत नाही. कर ओळखायची पहिली खूण हीच.

दुसरी खूण म्हणजे कायदा. घटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. आयुक्तांना वाटलं म्हणून बिलात नवी ओळ घुसवता येत नाही. म्हणून कराबद्दल भांडायचं तर ‘रस्ता कुठे आहे?’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. ‘माझं करयोग्य मूल्य कसं काढलं? क्षेत्रफळ बरोबर धरलं का? मी स्वतः राहतो, तर भाडेकरूचा दर का लावला?’ हे प्रश्न कामाचे. अशा हरकतींसाठी नोटिशीत मुदत दिलेली असते, आणि ती गेली की हरकत घेणं फार अवघड होऊन बसतं.

ओळी वेगळ्या वाचणं किती गरजेचं आहे हे मुंबईकरांना २०१९ मध्ये कळलं. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाल्याचा गाजावाजा झाला, पण माफ झाला होता तो फक्त सर्वसाधारण कर. बाकीच्या ओळी बिलात तशाच होत्या. पूर्ण माफीचा निर्णय व्हायला २०२२ उजाडलं.

पाणीपट्टी कर आहे की फी?

ती कशी आकारली जाते त्यावर ठरतं. घराच्या करयोग्य मूल्याच्या टक्केवारीत आकारली तर तुम्ही बादलीभर पाणी वापरा की टाकीभर, आकडा तोच राहतो. घराला कुलूप असलं तरी तो चुकत नाही. हा कर झाला. नळाला मीटर बसवून जितके हजार लिटर तितके पैसे घेतले, तर ती वापराची आकारणी झाली, म्हणजे शुल्काच्या जातीची. काही शहरांत दोन्ही असतात. मुंबईच्या बिलात तर ‘जल कर’ आणि ‘जल लाभ कर’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात, आणि दुसऱ्या ओळीच्या नावात ‘लाभ’ असला तरी तोही करच.

यातून एक साधी कसोटी हाती येते. सेवा घेतली नाही तर ही रक्कम चुकते का? मीटरच्या आकारणीत पाणी वापरलंच नाही तर बिल किमान रकमेवर येतं. दाखला मागितला नाही तर दाखल्याची फी नाही, परीक्षेचा अर्ज भरला नाही तर परीक्षा शुल्क नाही. कर मात्र तुमच्या असण्यावर, मिळकतीवर किंवा मालमत्तेवरच बसलेला असतो.

पण ही कसोटी प्रत्येक वेळी पुरत नाही. तशी पुरली असती तर सर्वोच्च न्यायालयाला तिच्यावर डोकं खपवावं लागलं नसतं.

न्यायालय कर आणि शुल्क यांत फरक कसा करतं?

या प्रश्नाचं उत्तर १९५४ च्या मार्च महिन्यात आहे, आणि त्यातला एक धागा थेट मुंबई राज्यात येतो.

मद्रास राज्याने हिंदू धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवायला एक खातं उभं केलं आणि मठ-मंदिरांनी वार्षिक उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत ‘अंशदान’ सरकारला द्यावं असं कायद्यात घातलं. उडुपीच्या शिरूर मठाने त्याला आव्हान दिलं. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही देखरेख करतो आणि तिचा खर्च घेतो, म्हणजे हे शुल्क. न्यायालयाने पैशाचा माग काढला. गोळा झालेली रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जात होती आणि बाकीच्या महसुलात मिसळून जात होती. देखरेखीचा खर्चही त्याच सामान्य तिजोरीतून होई. घेतलेला पैसा आणि दिलेली सेवा यांना जोडणारं काहीच नव्हतं. न्यायालय म्हणालं, हा कर आहे. आणि असा कर बसवण्याचा अधिकार राज्याकडे नव्हता, म्हणून ती तरतूद कोसळली.

त्याच महिन्यात दुसरा निकाल लागला, तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० बद्दलचा. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय ज्या कायद्यावर चालतं तोच हा. इथेही विश्वस्त संस्थांना उत्पन्नावर टक्केवारीने अंशदान द्यायचं होतं. वरवर पाहिलं तर मद्रासचीच नक्कल. पण इथे कायद्याने ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधी’ नावाचा वेगळा निधी ठेवला होता. अंशदान त्यात जमा होई आणि विश्वस्त संस्थांची नोंदणी, हिशेब तपासणी, देखरेख यांवरच खर्च होई. न्यायालय म्हणालं, हे शुल्क आहे. तरतूद टिकली. दोन्ही निकाल न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनीच लिहिले होते.

वसुलीचं नाव एकच, टक्केवारीची पद्धतही एकच, तरी एक कर ठरला आणि दुसरं शुल्क, ते पैसा कुठे जातो यावरून. प्राध्यापकांनी वर्गात ही जोडी एकत्र सांगितली तर अर्धा गोंधळ तिथेच संपेल असं मला वाटतं. सहसा फक्त शिरूर मठ सांगितला जातो आणि घरच्या कायद्याचा निकाल राहून जातो.

पुढे ही कसोटी बरीच सैल झाली. १९८० च्या दशकापासून न्यायालय म्हणू लागलं की प्रत्येक पैशाला तितक्याच पैशाची सेवा मोजून द्यायची गरज नाही, ढोबळ संबंध दिसला तरी पुरे. परवान्याच्या फीत तर तुम्हाला ‘सेवा’ अशी काही मिळतच नाही. हॉटेलवाल्याकडून परवाना फी घेतात ती त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी, आणि तीही शुल्कच मानली जाते.

बाजार समितीत व्यापारी ‘सेस’ भरतात. तो उपकर ना?

नाही, आणि ही चूक परीक्षेत हमखास होते. नाशिकच्या कांद्याच्या लिलावात किंवा सांगलीच्या हळदीच्या सौद्यात ‘सेस किती?’ असंच विचारतात. व्यापाऱ्यांचे संपसुद्धा ‘सेस रद्द करा’ म्हणून होतात. पण १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात तिचं नाव ‘बाजार फी’ आहे. ती खरेदीदाराकडून, खरेदीच्या दर शंभर रुपयांमागे घेतली जाते, आणि बाजार समितीच्या स्वतःच्या निधीत जाते. ओटे, गोदामं, वजनकाटे, रस्ते, दिवे यांचा खर्च त्यातून व्हायचा असतो. १९५४ ची कसोटी लावली तर हे शुल्क. आवारात पाण्याचा नळ नाही, शेड गळतं, म्हणून व्यापारी ‘मग सेस कशाचा?’ असं विचारतात, तेव्हा ते नकळत कायद्याचाच मुद्दा मांडत असतात. कराबाबत हा प्रश्न गैरलागू होता, शुल्काबाबत तो थेट लागू होतो.

मग खरा उपकर कसा ओळखायचा?

गिरगाव, लालबाग, भुलेश्वर या भागांत फिरताना ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द कानावर पडतोच. मुंबई शहरातल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या जुन्या भाड्याच्या इमारती या त्या. १९६० च्या दशकात अशा चाळी कोसळून माणसं मरत होती. भाडी गोठलेली असल्यामुळे मालक डागडुजी करत नव्हते, आणि भाडेकरूंच्या हातात मालकी नव्हती. १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापलं गेलं आणि या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. आज हे मंडळ म्हाडाचा भाग आहे आणि उपकर महापालिकेच्या बिलातून वसूल होतो.

आता नीट बघा. पैसा ठरावीक कामासाठी घेतला जातो, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी. म्हणून हे शुल्क वाटतं. पण सेस भरला म्हणून यंदा तुमचाच जिना दुरुस्त होईल अशी हमी नाही. ज्या चाळीची भिंत पडायला आली आहे तिचा क्रमांक आधी लागेल, आणि तुमची इमारत ठणठणीत असली तरी उपकर चुकणार नाही. मंडळाच्या खर्चालाही चौरस मीटरमागे मर्यादा असते. वरचा खर्च रहिवाशांनी करायचा. घेतलेला पैसा आणि एकेका इमारतीला मिळणारा लाभ यांचा व्यवहारी हिशेब इथे बसत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा त्यानेही हा करच मानला.

उपकर म्हणजे हेतू बांधून दिलेला कर. सक्ती कराची, वैयक्तिक मोबदला नाही तोही कराप्रमाणेच, फक्त खर्च कशावर व्हायचा ते आधीच सांगून ठेवलेलं. बिलातले शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर हे असेच. राज्याच्या १९६२ च्या कायद्याखाली ते आकारले जातात, आणि महापालिका तिथे निव्वळ वसुलीदार असते.

याची उलटी बाजूही महाराष्ट्रात सापडते. पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. १९७५ मध्ये हा कर आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. हेतू बांधलेला, पण नाव साधं ‘कर’.

केंद्राच्या उपकराबद्दल राज्यं तक्रार का करतात?

समजा, एखाद्याचा आयकर एक लाख रुपये निघाला. त्यावर चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो, म्हणजे चार हजार. तो भरतो एक लाख चार हजार. भरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही रकमा सारख्याच, पण दिल्लीत पोचल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटून घ्यायच्या करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला. वसुलीचा खर्च क्षणभर बाजूला ठेवला तर त्या एक लाखातले साधारण ४१ हजार राज्यांचे, आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा. चार हजारांतला मात्र एक रुपयाही राज्यांना जात नाही. घटनेच्या कलम २७० ने उपकर आणि अधिभार या वाटणीतून वगळले आहेत. कर न वाढवता उपकर वाढवला की पैसा वाढतो आणि वाटेकरी मात्र वाढत नाहीत. केंद्रात सरकार कुठलंही असो, हा मोह कुणाला सुटलेला नाही.

इथे ‘अधिभार’ हा शब्द आला, तेव्हा तोही एका वाक्यात उरकू. अधिभार हा करावरचा जादा कर असतो, पण त्याला हेतू बांधलेला नसतो.

उपकरातलं खरं दुखणं वेगळंच आहे. हेतू सांगितला, पण पैसा त्या हेतूपर्यंत पोचला का? २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर सुरू झाला. त्याचा वेगळा निधी उभा करायला मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. मधल्या काळात सुमारे ८३ हजार कोटी रुपये जमा झाले आणि ते निधीत गेलेच नाहीत, कारण निधीच नव्हता. महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात यावर बोट ठेवलं. शिक्षणावर तेवढा खर्च झालाच नाही, असा याचा अर्थ होत नाही. सरकार शिक्षणावर खर्च करतच होतं. पण हा पैसा त्याच कामाला लागला, हे दाखवता येत नव्हतं. हेतू दाखवता आला नाही तर उपकर आणि साधा कर यांत उरतं ते फक्त नाव.

शास्ती म्हणजे दंड. मग ‘शास्तीकर’ हा कर की दंड?

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या मुलाला विचारा, तो घरचा हिशेब सांगेल. महापालिका अधिनियमात २००८ मध्ये कलम २६७-अ आलं. त्यानुसार बेकायदा बांधकामावर दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसते. पुढे लहान घरांना सवलती मिळाल्या, पण मूळ हिशेब असा: घराचा मालमत्ता कर ६ हजार असेल, तर शास्ती १२ हजार, एकूण १८ हजार. पाच वर्षं भरली नाही तर नुसती शास्ती ६० हजार, आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के विलंबाची शास्ती वेगळी. मालमत्ता करापेक्षा थकलेल्या शास्तीचीच रक्कम मोठी झालेली बिलं त्या शहरात घरोघरी होती. निवडणुकांत शास्तीकर हा मुद्दाच होऊन बसला, आणि अखेर २०२३ मध्ये तिथल्या शास्तीकराला माफी मिळाली.

लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी नाव पाडलं शास्तीकर, पण तो कर नव्हे. सारख्याच दोन घरांपैकी ज्याला बांधकाम परवानगी आहे त्याला ती बसत नाही आणि ज्याला नाही त्याला बसते, म्हणजे तिचं मूळ चुकीत आहे. आणखी एक खूण म्हणजे हा पैसा मिळावा अशी कायद्याची इच्छाच नाही. सगळ्यांनी नियम पाळले तर शास्तीची वसुली शून्य व्हायला हवी, आणि ते कायद्याचं यश मानलं जाईल. कराची वसुली शून्य झाली तर महापालिका बंद पडेल.

अनेकांची इथे एक महागडी गैरसमजूत झाली. ‘दरवर्षी शास्ती भरतो, म्हणजे घर आता अधिकृत झालं’ असं लोक समजत. कायद्यात उलट स्पष्ट लिहिलं आहे की कर किंवा शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही. फी भरून परवाना मिळतो, दंड भरून परवाना मिळत नाही.

‘तडजोड शुल्क’ या नावालाही असंच फसू नका. वाहतूक पोलिसांच्या पावतीवर हे शब्द असतात, पण सिग्नल तोडला म्हणून भरलेली रक्कम म्हणजे गुन्ह्याचा दंडच. खटला न चालवता तो मिटवायला कायद्याने दिलेली सोय, म्हणून ‘तडजोड’.

परीक्षेचा अर्ज उशिरा भरला की ‘विलंब शुल्क’ घेतात. ते शुल्क की दंड?

बारावीच्या अर्जाला नियमित शुल्क, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क अशी चढण असते, आणि ती चढलेल्या कुणालाही हा दंडच वाटतो. वर सांगितलेली दंडाची खूण लावली तरी तेच उत्तर येतं: चूक झाली, म्हणून पैसे.

पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये याच धर्तीच्या एका प्रश्नावर वेगळं उत्तर दिलं. पगारातून किंवा देयकातून कापलेल्या कराचं विवरणपत्र कंपनीने वेळेत दिलं नाही, तर आयकर कायद्यात दिवसाला दोनशे रुपये ‘फी’ होती. हा फीच्या नावाखाली दंड आहे आणि बदल्यात सेवा काहीच नाही, असं आव्हान होतं. न्यायालयाने ते फेटाळलं. विवरणपत्र उशिरा आलं की ज्यांचा कर कापला त्यांचे परतावे अडकतात, खात्याला तीच कामं पुन्हा करावी लागतात. उशिरा विवरणपत्र स्वीकारणं हीच जादा सेवा आणि ही रक्कम तिचा मोबदला, असा तो विचार.

मला तो पूर्ण पटत नाही. जादा कामाचा खर्च दुसऱ्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी त्याच दराने वाढत जातो, हे मानणं जड जातं. रोज चढणारा आकडा मोबदल्यापेक्षा धाक दाखवणाराच जास्त वाटतो. पण पेपरात हा प्रश्न आला तर न्यायालयाचं उत्तर आधी लिहा, म्हणजे शुल्क, आणि आपली शंका त्याच्याखाली.